मदत हवी आहे: मेसेजवर बोलका, समोर आल्यावर गप्प

स्थळ म्हणून ओळख झाली आणि आम्ही अडीच महिने रोज मेसेजवर बोलतोय. त्याची उत्तरं इतकी चपखल असतात की ऑफिसमध्ये हसू दाबावं लागतं. गेल्या रविवारी पुण्यात पहिल्यांदा भेटलो. हॉटेलात समोरासमोर बसलो, गर्दी, वेटर सारखा येणारा. तो पाऊण तास मेनूकार्ड उलटत "हो", "छान" एवढंच म्हणाला. मी घाईघाईने एकामागून एक प्रश्न विचारले, तसा तो आणखीनच आक्रसला. मुलाखतच झाली ती.

घरी पोचते तोवर त्याचा मेसेज: त्या वेटरवर चार ओळी, नेहमीसारख्याच भन्नाट. म्हणजे त्याचं सगळं लक्ष होतं, फक्त शब्द तिथल्या तिथे सुचले नाहीत. लिहिताना थांबता येतं, खोडता येतं. समोर तेवढी उसंत मिळत नाही, असं मला वाटतं. एक मात्र लक्षात आलं: निघताना पार्किंगपर्यंत शेजारी शेजारी चाललो, तेव्हा तो आपणहून बोलला.

म्हणून पुढच्या वेळी सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जावं म्हणते. त्याआधी रोज दहा मिनिटं फोनवर बोललो तर आवाजाची सवय होईल का? त्याच्या गप्प बसण्याचा विषय मी काढावा की नको? आणि हा नुसता संकोच आहे की त्याला मी प्रत्यक्षात आवडलेच नाही, हे कसं ओळखायचं? मला तो मनापासून आवडतो. असा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, किती भेटींनंतर मोकळेपणा आला?