प्राइम बंद करायचंय, पण कुठलं बटण दाबायचं?

ए-२०३: ॲमेझॉन प्राइमची वार्षिक मेंबरशिप १८ नोव्हेंबरला संपतेय. रिन्यू करायची नाही. आज ३ तारखेलाच बंद केली तर उरलेले १५ दिवस फुकट जातील का?

सी-१०१: नाही जाणार, फक्त बटण वाचून दाबा. अकाउंटमध्ये प्राइमच्या पानावर Manage membership, मग End membership. मध्ये दोन-तीन स्क्रीन "थांबा, हे फायदे जातील" म्हणत अडवतात, त्यांना भुलू नका. शेवटच्या स्क्रीनवर तारीख लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की फक्त रिन्यूअल थांबतं. मोफत डिलिव्हरी, व्हिडिओ सगळं १८ पर्यंत चालू. पैसे परत घेऊन आत्ताच संपवण्याचा पर्याय दिसला तर तो वेगळा. तो घेतला की त्याच क्षणी सगळं बंद. तो सहसा फायदे न वापरलेल्यांसाठी असतो, तुम्हाला बहुधा दिसणारही नाही.

ए-२०३: आणि आयसीआयसीआयच्या ॲमेझॉन पे कार्डाचे पॉइंट? ते गेले तर वाईट वाटेल 😅

बी-४०४: ते कार्डाचे आहेत, प्राइमचे नाहीत. जमा झालेले कुठेही जात नाहीत. ते ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये येतात, एका पॉइंटचा एक रुपया. फरक पुढच्या खरेदीत. प्राइम असताना ५ टक्के मिळतात, नसताना ३. म्हणजे २०,००० च्या फ्रिजवर १,००० ऐवजी ६००. मोठी खरेदी ठरलेलीच असेल तर १८ च्या आधी उरका.

सी-१०१: कूपनचं मात्र नीट बघा. गोळा केलेल्या कूपनवर स्वतःची मुदत छापलेली असते, ती प्राइम संपल्यामुळे बदलत नाही. पण ज्यावर "प्राइम मेंबरसाठी" लिहिलंय ते चेकआउटच्या वेळी मेंबरशिप चालू असेल तरच लागतं. कूपन यादीत दिसतं, पण पैसे भरताना कमी होत नाहीत, तेव्हा हेच कारण असतं.

डी-३०२: आमच्या घरी व्हिडिओ डाउनलोड करून ठेवलेत प्रवासासाठी, ते?

बी-४०४: प्राइमवरचे डाउनलोड १८ नंतर चालणार नाहीत, फाइल फोनमध्ये दिसली तरी. वेगळे पैसे देऊन भाड्याने घेतलेला सिनेमा मात्र त्याच्या मुदतीत बघता येतो.

ए-२०३: १७ ला ऑर्डर केली आणि २० ला आली तर डिलिव्हरीचे पैसे लावतील?

सी-१०१: नाही ताई. शुल्क ऑर्डर करताना ठरतं. रिटर्नची मुदतही वस्तूवर असते, प्राइमशी संबंध नाही.

बी-४०४: एक राहिलं. नुसतं यूपीआय ॲपमधला ऑटोपे बंद करून थांबू नका. त्याने पैसे कापले जाणार नाहीत, पण ॲमेझॉनच्या लेखी रिन्यूअल चालूच असतं आणि "पेमेंट करा" असे मेसेज येत राहतात. आधी मेंबरशिप बंद करा, त्या पानावर संपण्याची तारीख आली की स्क्रीनशॉट घ्या, मग ऑटोपे काढा.

ए-२०३: केलं. "18 November" दाखवतंय 👍