अनुभव धागा : विखुरलेल्या चित्रांतून पहिल्या एकल प्रदर्शनाचं सूत्र कसं सापडलं?

काजळरेघ :
पहिल्या एकल प्रदर्शनासाठी हॉल ठरला आहे आणि गेल्या काही वर्षांतली चाळीसेक चित्रं भिंतीला टेकून उभी आहेत. निसर्गचित्रं, स्थिरचित्रं, थोडी व्यक्तिचित्रं, मधल्या काळातली अमूर्त. काही तैलरंगात, काही ॲक्रिलिकमध्ये. हॉलवाल्यांना प्रदर्शनाचं नाव आणि चार ओळींचं निवेदन हवं आहे. ‘रंगयात्रा’, ‘निसर्गाच्या छटा’ अशी नावं सुचतात, पण ती कुणाच्याही चित्रांना चालतील. आधीच झालेल्या कामातून ज्यांनी सूत्र शोधलं आहे, त्यांनी नेमकं काय केलं ते सविस्तर लिहा.

जाडा ब्रश :
सूत्र म्हणजे विषय, आणि विषय एकच हवा. मोनेने १८९१ मध्ये गवताच्या गंजींची १५ चित्रं एकत्र मांडली, लोक आजही त्याबद्दल बोलतात. तुमच्याकडे निसर्गचित्रं जास्त दिसतात. तीच घ्या, बाकीची पुढच्या वेळी. मी असंच केलं होतं आणि काम लवकर संपलं.

तिरपी सावली :
मोनेचं उदाहरण खरं आहे, पण त्याने गंजींची चित्रं मालिका म्हणूनच केली आणि स्टुडिओत एकमेकांशेजारी ठेवून त्यांवर पुन्हा हात फिरवला. काजळरेघ यांची अडचण उलटी आहे. चित्रं होऊन गेली आहेत, धागा मागाहून शोधायचा आहे.

माझी पद्धत सांगते. प्रत्येक चित्राचा फोटो एकाच प्रमाणात छापायचा. मी १:१० घेतलं, म्हणजे ९० बाय ६० सेंटिमीटरचं चित्र ९ बाय ६ चं होतं. हे महत्त्वाचं, कारण फोनवर छोटं-मोठं सगळं सारखंच दिसतं आणि आपण फसतो. मग सगळे फोटो जमिनीवर उलटे मांडायचे, डोकं खाली. झाड झाड राहत नाही, चेहरा चेहरा राहत नाही. वजन कुठे आहे, उजेड कुठून येतो, मोकळी जागा कुठे सुटली आहे, एवढंच उरतं. विषयाप्रमाणे ढीग करायचे नाहीत, तो मोह आवरायला हवा.

माझ्या चित्रांत असं दिसलं की क्षितिज जवळजवळ नेहमी वरच्या कडेला ढकललेलं आहे. निसर्गचित्रात आकाशाची नुसती पट्टी, स्थिरचित्रात टेबल आपल्याकडे कललेलं आणि मागची भिंत जेमतेम, व्यक्तिचित्रात माणसाभोवती फरशीच फरशी. विषय वेगळे, पण मी सतत खाली पाहत होते. मग प्रदर्शन जमिनीचं झालं.

सूत्र खरं की बळेच लावलेलं, हे ताडायला ते फोटो चित्रकलेशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला दिले. काही न सांगता म्हटलं, ‘यात न बसणारी बाजूला काढ.’ तिने काढलेली बहुतेक मीही काढली असती. माझं सगळ्यात आवडतं व्यक्तिचित्रही तिने काढलं. ते जवळून घेतलेल्या चेहऱ्याचं होतं, त्यात जमीनच नव्हती. एखादं चांगलं चित्र ज्यामुळे बाहेर राहत नाही, ते सूत्र नव्हे. ‘निसर्गाच्या छटा’मध्ये काय बसणार नाही, सांगा बरं.

खडूची डबी :
ताई, मी तर सगळ्यांना एकसारख्या बारीक काळ्या फ्रेम केल्या आणि प्रश्नच मिटला. शिवाय ऊबदार रंग एका बाजूला आणि थंड रंग दुसऱ्या बाजूला लावले. फोटोत एवढं छान दिसत होतं! फक्त दिवे लावल्यावर तैलरंगातली चित्रं चमकायला लागली आणि शेजारची ॲक्रिलिक कोरडी, पिठाळ दिसली. ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फ्रेम मात्र सगळे एकच घ्या.

निळसर :
मी वेगळं बोलणार आहे. पहिल्या प्रदर्शनाला सूत्र लागतंच असं मला वाटत नाही. मी सगळ्यात जुन्यापासून नव्यापर्यंत वर्षांच्या क्रमाने लावली होती. हात कसा बदलत गेला ते लोकांनी फार आस्थेने पाहिलं. न बसणारं म्हणून उत्तम चित्र घरी ठेवणं मला आजही पटत नाही.

तिरपी सावली :
क्रमानेही होतं, पण त्यासाठी बदल ठळक हवा. आणि काही चित्रं घरी राहणारच आहेत, भिंतच ते ठरवते. दारं, खांब, स्विचबोर्ड सोडून सलग लावता येईल अशी भिंत समजा २० मीटर आहे. सरासरी चित्र ७५ सेंटिमीटर रुंद, दोघांमध्ये अर्धा मीटर मोकळा, म्हणजे एका चित्राला सव्वा मीटर लागतो. सोळा चित्रं झाली. चाळीस नाहीत. त्याच १:१० ने २ मीटरची कागदाची पट्टी करून त्यावर फोटो सरकवून बघा.

काजळरेघ :
केलं. उलटे फोटो पाहून आधी काही कळेना, मग एकदम दिसायला लागलं. माझ्या चित्रात मुख्य गोष्ट मध्ये नसतेच. ती कडेने कापली जाते. एका स्थिरचित्रात सुरईचं नुसतं पोट आत आहे, मान वरच्या कडेबाहेर. खिडकीच्या चित्रात उजेड उजव्या कडेच्या पलीकडून येतो, खिडकी बोटभरच दिसते. दोन व्यक्तिचित्रांत खांदा बाहेर गेला आहे. अमूर्तांतही सगळ्यात गडद आकार कडेला टेकलेला! अगदी सुरुवातीच्या चित्रांत हे नाही. निम्म्याहून जास्त चित्रं एका ढिगात आली.

जाडा ब्रश :
पण कड हा काय विषय झाला? लोक चित्र बघायला येतात.

तिरपी सावली :
दिसतंय ते खरंच वाटतं, पण एक तपासा. फोनच्या फोटोवरून केलेल्या चित्रांत अशी कापाकापी आपोआप येते. ती कॅमेऱ्याची सवय असते. समोर बसून केलेल्या चित्रांतही आहे का?

काजळरेघ :
सुरई समोर ठेवूनच केली होती, खिडकीही. फोटोवरून केलेली चार वेगळी ठेवून पाहिली, तरी ढीग टिकला. निवेदनाचा मसुदा असा आहे : ‘या चित्रांत वस्तू कडेपर्यंत येतात आणि पुढे जातात. उरलेला भाग चौकटीबाहेर आहे.’ पुढे काही लिहावंसं वाटत नाही.

निळसर :
तेवढंच राहू द्या. अस्तित्व, अपूर्णता वगैरे घालू नका, चित्रं आधीच ते करताहेत. भिंतीला दोन-तीन चित्रं कमी पडत असतील तर आता नवी करून टाका.

तिरपी सावली :
इथे मी असहमत. सूत्र कळल्यावर सूत्रासाठी केलेली चित्रं ताठर होतात, शेजारी लावली की ओळखू येतात. कमी पडली तर अंतर वाढवावं.

निळसर :
माझी दोन नवी त्यात होती, कुणाला ओळखता आली नाहीत. चित्रकाराप्रमाणे फरक पडत असेल.

काजळरेघ :
अजून दोन गाठी आहेत. दीड मीटर रुंदीच्या मोठ्या अमूर्ताचं सगळं वजन मध्यभागी आहे. ते काढवत नाही. आणि फ्रेमवाला म्हणतो, फ्रेमची खाच चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर चित्र झाकणार.

तिरपी सावली :
खडूची डबी यांची फ्रेम इथे चालणार नाही. तुमच्या चित्रांत तो अर्धा सेंटिमीटरच महत्त्वाचा आहे. फ्लोटर फ्रेम करून घ्या, त्यात कॅनव्हास आत सुटा बसतो आणि कड पूर्ण दिसते. नाहीतर फ्रेमच नको, कॅनव्हासच्या बाजू रंगवून तसाच लावा. मोठं अमूर्त मी घेतलं नसतं.

निळसर :
मी घेतलं असतं. दारासमोरच्या छोट्या भिंतीवर, एकटं. बाकीच्यांच्या कडा त्याच्यामुळे जास्त जाणवतील.

काजळरेघ :
पट्टीवर दोन्ही तऱ्हांनी लावून फोटो टाकते. खडूची डबी, तुमच्या काळ्या फ्रेमची जाडी किती होती? फ्लोटरलाही तेवढीच सांगावी म्हणते.