मदत हवी आहे: स्प्राइट शीटच्या दुरुस्त्या आर्टिस्टला ईमेलमध्ये नेमक्या कशा सांगू?

गड्ड्यावरचा_कोडर

मी सोलापूरचा. युनिटीत एक छोटा टूडी गेम करतोय. सिद्धेश्वर यात्रेत बाराबंदी घातलेला मानकरी नंदीध्वज पेलत चालतो, काठीचा तोल आपण सांभाळायचा. चालण्याची आठ फ्रेमची शीट एका फ्रीलान्स आर्टिस्ट ताईंकडून करून घेतली. चित्रं एक नंबर आहेत. पण गेममध्ये लावली की माणूस चालता चालता मागे हिसका खातो, पाय जमिनीवरून उचलल्यासारखे दिसतात, आणि एका फ्रेममध्ये बाजूला शेजारच्या काठीची बारीक पिवळी रेघ चमकून जाते. फ्रेम १९२ बाय २५६ ठरली होती.

हा माझा कच्चा मसुदा:

> ताई नमस्कार, शीट मिळाली, खूप छान झाली आहे. पण फ्रेमचा साइज बरोबर नाही, पिव्हट हलतोय आणि स्पेसिंग कमी आहे. तेवढं दुरुस्त करून पाठवाल का?

ताई चित्रकार आहेत, गेम इंजिन त्यांनी उघडलेलं नाही. यातून त्यांना काही कळेल का?

पिक्सेलपाटील

सोपं आहे की ओ. फ्रेम एकमेकींना चिकटल्यात. मधे दोन दोन पिक्सेल मोकळे सोडायला सांगा, रेघ पण जाईल आणि हिसका पण जाईल. आणि पिव्हटसाठी ताईंना कशाला त्रास? स्प्राइट एडिटरमध्ये एकेक फ्रेम निवडून हाताने लावा. आठच तर आहेत.

जकार्ड_दुकान

आमचा चादरीचा धंदा. डिझायनरने पाठवलेल्या डिझाइनचा रिपीट जुळला नाही की आम्ही सरळ राहिलेलं पेमेंट अडकवतो, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन येतं. तुम्ही पण तेच करा. ईमेल कसली लिहीत बसता.

गड्ड्यावरचा_कोडर

दादा, पैशाचा वाद नाहीच. पेमेंट झालंय, ताई दुरुस्ती करायलाही तयार आहेत. फक्त काय करायचं ते मला सांगता येईना.

तळरेघ

पाटील, रेघेचं तुमचं बरोबर आहे, हिसक्याचं नाही. स्पेसिंगचा आणि हिसक्याचा काही संबंध नाही.

कोडर, मला दोन आकडे द्या. काठी सरळ असलेल्या आणि काठी सगळ्यात जास्त झुकलेल्या फ्रेमचा चौकोन युनिटीत किती बाय किती दिसतो? आणि माणसाची कंबर त्या चौकोनाच्या डाव्या कडेपासून किती आत आहे?

गड्ड्यावरचा_कोडर

१९२ च्या ग्रिडने कापलं तर काठ्या मधेच तुटत होत्या, म्हणून `Automatic` ने कापलंय. तिसरी फ्रेम, काठी सरळ: ९६ बाय २४०. पाचवी, काठी पुढे झुकलेली: १५० बाय २२८. कंबर दोन्हीकडे डावीकडून ४८ वर. पिव्हट `Center` आहे.

तळरेघ

मग दुखणं सापडलं. ताईंनी एक्सपोर्ट करताना फ्रेमभोवतीची रिकामी जागा छाटली गेलीय. Aseprite वापरत असतील तर एक्सपोर्टच्या खिडकीत `Trim Cels` वर टिक असणार. त्यामुळे प्रत्येक फ्रेम चित्राच्या मापाची झाली, आणि मध्यबिंदू माणसाचा न राहता माणूस अधिक काठीचा झाला.

हिशोब बघा. तिसऱ्या फ्रेमचा मध्य ४८ वर, म्हणजे नेमका कमरेवर. पाचवीचा मध्य ७५ वर, कंबर मात्र ४८ वरच. म्हणून ती फ्रेम आली की माणूस २७ पिक्सेल मागे जातो. उंचीचं तसंच. मध्यापासून पाय एकीत १२० खाली, दुसरीत ११४ खाली. तेवढे सहा पिक्सेल तो हवेत उचलला जातो. मधे कितीही जागा सोडली तरी हे आकडे बदलत नाहीत.

हाताने पिव्हट लावता येतो, पाटील म्हणतात तसा. पण ताईंनी बाराबंदीचा एक बंद जरी बदलून नवी शीट दिली तरी चौकोन बदलणार, आणि बसा परत लावत.

आता ईमेल लिहायच्या आधीची एक अडचण. पाचव्या फ्रेममध्ये कमरेच्या उजवीकडे १५० वजा ४८, म्हणजे १०२ पिक्सेल चित्र आहे. १९२ च्या फ्रेममध्ये कंबर मधोमध ठेवली तर उजवीकडे ९६ च मिळतात. काठी मावतच नाही. "१९२ मध्येच बसवा" असं लिहिलं तर ताई बिचाऱ्या काठी लहान करतील.

पिक्सेलपाटील

मग कंबर मधोमध कशाला पाहिजे? ७२ वर ठेवा, उजवीकडे १२० मिळतात. पिव्हट पण ७२ वर. `flipX` पिव्हटभोवतीच उलटवतं, डावीकडे चालताना काही बिघडत नाही.

तळरेघ

हे चालेल. फक्त काठी मागे झुकणारी फ्रेम आहे का, ते बघा.

गड्ड्यावरचा_कोडर

चालण्यात नाही. पण तोल जाण्याची ॲनिमेशन पुढे यायचीय, त्यात काठी दोन्हीकडे झुकते.

तळरेघ

मग माझं मत २५६ बाय २५६. दोन्ही ॲनिमेशनला एकच माप, एकच पिव्हट. पण आठही फ्रेम एका ओळीत नकोत. मधले दोन दोन पिक्सेल धरून रुंदी २०६२ होते, आणि युनिटीत `Max Size` मुळात २०४८ असतं. इम्पोर्ट करतानाच शीट आक्रसते आणि चित्र फसफशीत दिसतं. चार चारच्या दोन ओळी करा.

तुमच्या मसुद्यातला "पिव्हट" हा शब्दच काढा. चित्रकाराला कंबर आणि तळवा कळतो. आणि उंची वरून मोजून सांगा. युनिटी खालून मोजतं, चित्राचं सॉफ्टवेअर वरून, त्यामुळे "y १६ वर" लिहिलंत तर माणूस छताला चिकटून येईल. मी असं लिहिलं असतं:

> ताई नमस्कार,
>
> चित्रांत काहीही बदलायचं नाही. फक्त ती कॅनव्हासवर जुळवून पुन्हा एक्सपोर्ट करायची आहेत. फ्रेमचं माप मी वाढवतोय, कारण कंबर मधोमध ठेवली तर पाचव्या फ्रेममधली झुकलेली काठी १९२ मध्ये मावत नाही.
>
> प्रत्येक फ्रेमचा कॅनव्हास २५६ बाय २५६ ठेवा. चित्राभोवती मोकळी जागा राहू द्या, ती हवीच आहे. एक्सपोर्ट करताना Trim Sprite आणि Trim Cels दोन्ही बंद असू द्या.
>
> आठही फ्रेममध्ये कमरेची मध्यरेषा डावीकडून १२८ वर यावी. जमिनीवर टेकलेल्या तळव्याखाली बरोबर १६ पिक्सेल रिकामे राहावेत. काठी कुठेही झुकली तरी कंबर आणि जमीन हलू नये. त्यासाठी या दोन रेघा एका वेगळ्या लेयरवर आखून घ्या आणि एक्सपोर्टच्या वेळी तो लेयर लपवा.
>
> शीटमध्ये चार फ्रेमच्या दोन ओळी, Spacing २, बाहेरची कड शून्य. तयार फाइल १०३० बाय ५१४ भरली की माप बरोबर आलं.
>
> तिसरी आणि पाचवी फ्रेम एकावर एक ठेवलेलं चित्र सोबत जोडतोय, हिसका कुठे बसतो ते त्यात दिसेल.

ते शेवटचं चित्र नक्की जोडा, निम्मं काम तेच करेल. तुमच्याकडे मग `Grid By Cell Size` ने कापा:

```
Pixel Size  256 x 256
Padding     2 x 2
Pivot       Custom (0.5, 0.0625)
```

०.०६२५ म्हणजे १६ भागिले २५६.

पिक्सेलपाटील

एवढी मोकळी जागा असताना स्पेसिंग तरी कशाला? शेजारचा रंग यायला शेजारी रंगच नाही.

तळरेघ

इथे नसलं तरी चालेल, खरंय. पण तोल जाताना काठी कडेला टेकली तर लागेल, म्हणून ठेवलं. जमिनीच्या टाइल्स करून घ्याल तेव्हा मात्र नुसती रिकामी जागा पुरणार नाही, तिथे कडेचा रंगच एक पिक्सेल बाहेर ओढून घ्यावा लागतो.

पिक्सेलपाटील

तरी मी म्हणेन चालण्याला १९२ च ठेवा आणि तोलाला वेगळी शीट. जुन्या फोनवर मेमरी लागते.

जकार्ड_दुकान

माप वाढलं म्हणजे ताईंचं काम वाढलं. त्याचे पैसे वेगळे देणार का नाही?

गड्ड्यावरचा_कोडर

तो प्रश्न रास्त आहे दादा, ताईंनाच विचारतो. तळरेघ, ईमेल जवळजवळ अशीच पाठवतोय. आधी त्यांच्याकडून तोल जाण्याचं रफ स्केच मागवतो, काठी मागे किती झुकते ते बघून १९२ की २५६ ते ठरवतो. १९२ राहिलं तर मधले आकडे बदलावे लागतील, तेव्हा परत इथेच विचारीन.