मदत हवी आहे: कामातल्या चुकीने क्लायंटचं नुकसान झालं तर भरपाई देणारी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी आत्ताच घेऊ का?

नमस्कार मंडळी, मी पुण्यातून फ्रीलान्स पेरोलचं काम करते, तीन क्लायंटच्या मिळून १४० जणांचे पॅन, बँक खाते नंबर माझ्याच लॅपटॉपवर असतात. गेल्या महिन्यात एकाची सॅलरी शीट चुकून दुसऱ्याच क्लायंटला मेल झाली, त्यांनी लगेच डिलीट केली म्हणून निभावलं, पण रात्रभर झोप नाही लागली. आता नवीन क्लायंटच्या करारात माझ्या चुकीने झालेलं सगळं नुकसान मीच भरायचं असं लिहिलंय, रकमेला मर्यादाच नाही!

एजंट म्हणाला ही पॉलिसी क्लेम्स-मेड असते, म्हणजे दावा पॉलिसी चालू असताना यायला हवा आणि काम रेट्रोअॅक्टिव्ह डेटच्या, म्हणजे पॉलिसीत ज्या तारखेपासूनचं काम धरतात तिच्या, नंतरचं हवं. मग जुन्या कामाचं काय? आणि डेटा लीक यात धरतात की सायबर कव्हर वेगळं लागतं? कुणी घेतली असेल तर प्लीज सांगा, सोमवारी सही करायचीये.