मदत हवी आहे: मुलीने केकचं कच्चं बॅटर चाटलं, काय करू?

रेवाचीआई: काल रात्री केक केला, दोन अंडी आणि एक कप मैदा, आणि मी ओव्हन गरम करायला वळले तेवढ्यात पाच वर्षांच्या लेकीने स्पॅच्युला आणि भांड्याच्या कडा चाटून साफ केल्या. शेजारच्यांसाठी बिनअंड्याचं वेगळं केलं होतं, त्यातलं त्यांच्या मुलाने दोन चमचे खाल्लं. तिकडे निदान अंडं नाही म्हणून मला काळजी नाही, पण लेकीचं काय? आत्ता मजेत खेळतेय. औषध द्यायचं का काही?

कोकणकडा: अहो अंडी ताजी असली की काही होत नाही. आम्ही लहानपणी आई कणीक मळताना गोळे पळवून खायचो, ठणठणीत आहोत.

लॅबवाली_मृ: ताज्या अंड्यातही साल्मोनेला हा जंतू असू शकतो, कवचावर किंवा आतही, आणि वासावरून कळत नाही. पण बिनअंड्याचंही सुरक्षित धरू नका. मैदा कच्चाच असतो, शेतात गव्हावर जनावरांच्या शेणातून जंतू येतात आणि दळल्याने ते मरत नाहीत. कोरड्या पिठात वाढत नाहीत पण महिनोन्महिने तग धरतात. अमेरिकेत 2009 मध्ये विकतच्या कुकीच्या पिठातून सत्तरच्या वर लोक ई. कोलायने आजारी पडले, त्यातली अंडी पाश्चराइज्ड होती, संशय मैद्यावर गेला. 2016 मध्ये तिथे परत मैद्यातूनच साथ आली.

तरी एकदा चाटल्याने बहुतेक वेळा काहीच होत नाही, म्हणून आत्ता औषध नको. साल्मोनेलाचा त्रास सहा तासांपासून सहा दिवसांत दिसतो, ई. कोलायचा बहुधा तीन-चार दिवसांनी, कधी दहाही लागतात. शीतून रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न टिकणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. आणि जुलाब थांबवायची गोळी किंवा घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका, त्या ई. कोलायमध्ये त्यांनी मुलांच्या किडनीचा धोका वाढू शकतो. जुलाबानंतर आठवडाभरात लघवी कमी झाली, मूल फिकट दिसलं तर थांबूच नका.

पूर्वा_बेक्स: माझा केक मधे बसतो, बॅटर जास्त फेटल्याने का? आणि मी एडिबल कुकी डोसाठी मैदा मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवते, तो चालेल ना?

लॅबवाली_मृ: बसण्याचं वेगळ्या धाग्यात विचारा. मायक्रोवेव्हवर मी विसंबणार नाही, कोरड्या पिठात जंतू उष्णता जास्त सोसतात आणि मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. त्यापेक्षा कारखान्यात हीट ट्रीट केलेलं पीठ घ्या.

कोकणकडा: मग लाडवाला बेसन मंद आचेवर खमंग भाजतो, त्याचं काय?

लॅबवाली_मृ: अर्धा तास सतत हलवून भाजणं निराळं, पण घरच्या कढईत सगळे जंतू मेले अशी खात्री मी देणार नाही.

रेवाचीआई: म्हणजे मी उलटंच धरून बसले होते. आत्ताच शेजारी जाऊन सांगते, त्यांना तर माहीतच नाही काय बघायचं ते.