पूर्वेकडील चर्चमधले आयकॉन : वंदन की मूर्तिपूजा?

धागाकर्ती : ग्रीक आणि रशियन चर्चमध्ये भाविक आयकॉनचे, म्हणजे येशू व संतांच्या पवित्र चित्राचे, चुंबन घेतात, त्यापुढे मेणबत्ती लावतात, वाकून नमस्कार करतात. दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्तीला नमू नये असे स्पष्ट सांगितलेले असताना ही मूर्तिपूजा कशी नव्हे?

यार्देन : माझ्या मते ती मूर्तिपूजाच आहे. आज्ञेत अपवाद नाही, आणि हा आक्षेप बाहेरच्यांचाही नव्हे, कारण 754 साली हिएरिया येथे जमलेल्या पूर्वेकडील बिशपांनीच चित्रांचा निषेध केला होता.

जुना वाचक : परिषद झाली हे खरे, पण तिचा कळीचा आक्षेप येशूविषयी होता : केवळ मानवी रूप रंगवले तर देवत्व त्यापासून तुटते, आणि दोन्ही रंगवले म्हणावे तर देवत्व रेषांत कोंडले जाते. याला पाया ठरलेले उत्तर दमास्कसचा योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताने आधीच दिले होते. देव अदृश्य होता तोवर त्याचे चित्र काढणे चूकच होते, परंतु मरियेच्या पोटी जन्म घेऊन तो लोकांना दिसला, त्यांच्यासोबत जेवला, त्यामुळे आता त्याचे चित्र नाकारणे म्हणजे त्याचे देहधारणच नाकारणे होय. 787 साली निकिया येथील परिषदेने आराधना केवळ देवाची आणि चित्राला फक्त वंदन, जे क्रूसाला व शुभवर्तमानाच्या ग्रंथालाही केले जाते, असा निर्णय दिला. तो मान चित्रातील व्यक्तीला पोहोचतो. म्हणूनच आयकॉनवर नाव लिहिलेले असते, आणि येशूच्या प्रभावलयात ‘जो आहे तो’ या अर्थाची ग्रीक अक्षरे असतात.

वसईकर : आमच्या चर्चमध्ये तर पुतळे आहेत आणि सणाला त्यांची मिरवणूकही निघते. म्हणजे आम्ही चुकतो असे म्हणायचे आहे का?

जुना वाचक : नाही, पुतळ्यांचा प्रश्नच इथे नाही. निकियाचा निर्णय रोमलाही मान्य आहे.

शमी : दगडालाच देव आम्हीही मानत नाही. पार्थिव गणपतीची उत्तरपूजा झाली की उरते ती माती. मग फरक कुठे?

जुना वाचक : मधल्या दिवसांत. प्राणप्रतिष्ठेनंतर देव त्या मूर्तीत आहे असे मानून आपण स्नान घालतो, नैवेद्य दाखवतो. आयकॉनमध्ये कोणाचे आवाहन होत नाही, त्याला नैवेद्यही नसतो. नाव व रूप एवढेच पुरेसे आहे, वेगळ्या संस्काराची गरज नाही, असे निकियाने म्हटले. पुढे आशीर्वादाच्या प्रार्थना रूढ झाल्या, हेही नमूद करायला हवे. यात कोणती प्रथा श्रेष्ठ, हा माझा मुद्दा नाही.

यार्देन : हे भेद बिशपांच्या कागदावरचे आहेत. 824 साली बायझंटाइन सम्राट दुसऱ्या मायकेलने फ्रँक राजा लुईला कळवले होते की काही पुरोहित आयकॉनचा रंग खरवडून प्रभुभोजनाच्या द्राक्षारसात मिसळतात आणि काही जण आयकॉनला मुलाचा धर्मपिता नेमतात.

जुना वाचक : ते पत्र विरोधी पक्षाचे आहे. तरी धर्मपित्याची गोष्ट मी नाकारणार नाही, कारण आयकॉनचे खंदे समर्थक स्टुडिओस मठाचे प्रमुख थिओडोर यांनी आयकॉनला धर्मपिता नेमणाऱ्या एका अधिकाऱ्याचे पत्र लिहून कौतुक केले होते.

यार्देन : मग माझा आक्षेप तिथेच कायम आहे.