मदत हवी आहे: तांबे इतके उत्तम वाहक असूनही इंडक्शनवर का तापत नाही?

कृष्णाकाठ
नमस्कार. घरातील एकाच इंडक्शन शेगडीवर मी तीन भांड्यांत प्रत्येकी एक लिटर पाणी तापवून पाहिले. शेगडी तिन्ही वेळा १८०० वॅटच्या खुणेवर होती आणि प्लगला वीज मोजणारे मीटर लावले होते. ट्रायप्लाय पातेल्याने १७५० वॅट घेतले आणि २७ अंशांचे पाणी साडेतीन मिनिटांत उकळले. आईच्या वेळच्या पातळ स्टीलच्या पातेल्याने खूण तीच असताना जेमतेम ६०० वॅट घेतले आणि तेवढ्याच पाण्याला तेरा मिनिटे लागली. तिसरे कॉपर बॉटमचे पातेले ठेवताच शेगडी पीं-पीं करू लागली आणि थोड्या वेळाने बंद पडली.

भांड्याच्या तळात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे भांडे तापते, एवढे मला ठाऊक आहे. मग ज्या धातूतून प्रवाह सर्वांत सहज वाहतो, ते तांबे सर्वांत जास्त तापायला हवे. प्रत्यक्षात नेमके उलटे होते. शिवाय जुन्या पातेल्याच्या तळाला चुंबक मुळीच चिकटत नाही, पण तळ जिथे वळून भिंत होतो त्या कडेला हलकेच चिकटतो. कृपया कोणी उलगडा करील का?

निवृत्त वायरमन
आपल्या भागात संध्याकाळी व्होल्टेज १९० च्या खाली जाते. अशा वेळी शेगडी पीं-पीं करणारच. आधी अर्थिंग तपासून घ्या आणि मग स्टॅबिलायझर लावा.

कृष्णाकाठ
आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे, परंतु तिन्ही चाचण्या एकाच दुपारी, पाठोपाठ केल्या आणि मीटरवर व्होल्टेज २२८ ते २३१ दिसत होते.

रानमेवा
उत्तर सोपे आहे. इंडक्शनवर फक्त चुंबकीय भांडी तापतात. चुंबकाची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते, त्यामुळे लोखंडाच्या आतील कण एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाची उष्णता होते. तांबे चुंबकीय नाही, म्हणजे घर्षण नाही आणि उष्णताही नाही.

वाइंडिंगवाला
रानमेवा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. चुंबकत्व उलटसुलट होताना थोडी उष्णता निर्माण होते खरी, पण तिचा वाटा लहान असतो आणि मुख्य उष्णता भोवरी प्रवाहांचीच असते. शिवाय घर्षण हेच एकमेव कारण असते, तर जुन्या पातेल्याने ते ६०० वॅटही घेतले नसते.

कृष्णाकाठ यांची गफलत मला ओळखीची आहे, कारण इन्व्हर्टर बोर्डांच्या कामाला लागलो तेव्हा मीही हाच विचार करीत असे. आपल्या डोक्यात घरातला हीटर असतो. त्याच्या दोन टोकांना ठरावीक व्होल्टेज मिळते, म्हणून रोध कमी असेल तर प्रवाह वाढतो आणि उष्णताही वाढते. इंडक्शनच्या भांड्याचे तसे नाही. तळात किती प्रवाह फिरणार हे मुख्यतः कॉइलचे वेढे आणि त्यांतील प्रवाह यांवरून ठरते, कारण कॉइलचे चुंबकीय क्षेत्र परतवून लावण्याइतका प्रवाह तळात उभा राहतो, मग धातू कोणताही असो. प्रवाह असा जवळपास ठरलेला असला, की I²R मध्ये खेळ उरतो तो फक्त R चा. रोध जास्त असेल तर उष्णता जास्त होते. तांबे उत्तम वाहक आहे, म्हणूनच ते तापत नाही.

आता हा रोध कशाने ठरतो ते पाहू. घरगुती शेगडी साधारण २५ किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि इतक्या वारंवारतेला प्रवाह धातूच्या पूर्ण जाडीतून वाहत नाही, तर कॉइलकडच्या पृष्ठभागाला बिलगून वाहतो. ट्रायप्लायच्या बाहेरच्या थराला बहुधा ४३० जातीचे चुंबकीय स्टील असते. त्याची सापेक्ष पारगम्यता २०० धरली, तर प्रवाहाचा थर सुमारे ०.१८ मिलिमीटरचा होतो. एवढ्याशा पापुद्र्यातून वाहायचे आणि तेही मुळात बेताचा वाहक असलेल्या धातूतून, म्हणून चौरसामागे सुमारे ३.४ मिलिओहम रोध मिळतो. तांब्यात प्रवाह ०.४२ मिलिमीटरपर्यंत पसरतो आणि रोध ०.०४ मिलिओहमवर येतो, म्हणजे ऐंशीपटींहून अधिक कमी. तेवढीच उष्णता हवी असेल, तर कॉइलमध्ये सुमारे नऊपट प्रवाह लागेल, आणि तो दिला तर भांड्याआधी कॉइल तापेल.

आपले जुने पातेले बहुधा ३०४ जातीचे आहे. ते चुंबकीय नसल्यामुळे त्यात प्रवाह पावणेतीन मिलिमीटरपर्यंत शिरू पाहतो, पण तळाची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास असली तर तेवढ्यातच त्याला वाहावे लागते. त्यातून सुमारे १ मिलिओहम रोध मिळतो, म्हणजे ट्रायप्लायच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. आपले १७५० आणि ६०० हे आकडे याच्या जवळ जातात. कडेला चुंबक चिकटतो, कारण पत्रा साच्यात ओढून वळवला की त्या ठिकाणी ३०४ च्या रचनेत थोडा बदल होतो आणि तेवढा भाग किंचित चुंबकीय बनतो. म्हणून चुंबक नेहमी तळाच्या मध्यावर लावून पाहावा.

गोदाकाठची
माझा अनुभव याच्या उलट आहे. भाकरी गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चुकून काचेवर राहिली आणि वर तवा ठेवला, तर ती क्षणात काळी पडून वितळली व काचेवर डाग कायमचा राहिला. ॲल्युमिनियम तापतच नसेल, तर हे कसे झाले?

वाइंडिंगवाला
ताई, आपण नकळत फारच चांगला पुरावा दिलात. फॉइल साधारण ०.०१ मिलिमीटर जाडीची असते. तेवढ्या चिंचोळ्या वाटेतून प्रवाह जाताना रोध चौरसामागे २.८ मिलिओहम होतो, म्हणजे चांगल्या स्टीलच्या पंक्तीला बसणारा. शिवाय वजन नगण्य असल्यामुळे उष्णता साठवायला जागाच नसते. तोच धातू जाड कढईच्या रूपात ठेवला तर शेगडी त्याला ओळखतही नाही. हा प्रयोग मात्र पुन्हा करू नका.

रानमेवा
चुंबकाचे माझे म्हणणे अपुरे होते, हे मान्य. पण मग वारंवारता वाढवून तांबे आणि ॲल्युमिनियम तापवत का नाहीत?

वाइंडिंगवाला
तापवतात. जपानमध्ये सर्व धातूंसाठीच्या शेगड्या मिळतात आणि त्या ॲल्युमिनियम-तांब्यासाठी ६० ते ९० किलोहर्ट्झच्या घरात चालतात. पण वारंवारता चौपट केली तरी प्रवाहाचा थर निम्माच होतो, म्हणजे रोध फक्त दुप्पट. उरलेली कमतरता जास्त वेढे घालून आणि जास्त प्रवाह देऊन भरून काढावी लागते. तिकडे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा आयजीबीटी स्विच दर सेकंदाला चौपट वेळा उघडझाप करतो आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता गिळतो, कॉइलची तारही आणखी बारीक पदरांची लागते, आणि हे सगळे स्वस्त शेगडीला परवडत नाही. वारंवारता २० किलोहर्ट्झच्या खाली आणली तर गुणगुण कानाला ऐकू येते. या दोन्हींच्या मधली जागा म्हणून २० ते ४० किलोहर्ट्झ निवडतात. आणखी एक गंमत म्हणजे हलके ॲल्युमिनियमचे भांडे अशा शेगडीवर उचलले जाते आणि सरकते, कारण भोवरी प्रवाह कॉइलला ढकलत असतात.

कृष्णाकाठ
फारच छान उलगडा केलात. हीटरची उपमा डोक्यातून काढल्यावर सगळे जागेवर बसले. एक गोष्ट मात्र अजून खटकते. कॉपर बॉटमच्या तळाला मध्यावर चुंबक लावला, तर तो तांब्याच्या थराआडून थोडा ओढला जातो, म्हणजे आतील स्टील चुंबकीय असावे. मग शेगडी त्याला का ओळखत नाही? शिवाय शेजाऱ्यांच्या शेगडीवर तेच पातेले चालले, जरी मीटर ४०० वॅटच्या पुढे गेले नाही.

वाइंडिंगवाला
स्थिर चुंबकाचे क्षेत्र तांब्यातून आरपार जाते, पण २५ किलोहर्ट्झच्या क्षेत्राला तांबे बरेचसे अडवते, कारण भोवरी प्रवाह आधी त्याच्यातच उभा राहतो. तांब्याचा थर जितका पातळ, तितके क्षेत्र आतील स्टीलपर्यंत पोहोचते. आपला थर किती जाडीचा आहे हे भांडे कापल्याशिवाय सांगता येणार नाही.

पीं-पीं होण्याचे कारण असे, की शेगडी कॉइलला क्षणिक ठोका देते आणि त्यानंतर कॉइल व कपॅसिटर यांतील आंदोलने किती वेळ टिकतात ते मोजते. रोध देणारे भांडे वर असेल तर ती चार-दोन फेऱ्यांत मरतात. तांबे असेल तर ती रेंगाळतात आणि बोर्डाला वाटते की वर भांडेच नाही. किती फेऱ्यांना भांडे मानायचे, ही मर्यादा प्रत्येक बोर्डाच्या प्रोग्राममध्ये वेगळी असते. शेजाऱ्यांच्या शेगडीने भांडे स्वीकारले ते त्यामुळे असेल. पण तिची कॉइल मोठी असेल, तर तेही कारण असू शकते. दोन्ही कॉइलचा व्यास मोजून येथे लिहिलात, तर पुढे बोलता येईल.

गोदाकाठची
कॉइल काचेखाली असते, ती मोजायची कशी?

वाइंडिंगवाला
काचेवरचे छापील वर्तुळ भरवशाचे नसते. ट्रायप्लाय पातेल्यात बोटभर पाणी घेऊन शेगडी पूर्ण ताकदीवर लावा आणि पहिले बारीक बुडबुडे तळावर कोणत्या कड्यात उमटतात ते पाहा. त्या कड्यावरून कॉइलचा ढोबळ अंदाज येतो.